हाफ-लाइफच्या पोटातलं काउंटर-स्ट्राइक: मॉड, टोटल कन्व्हर्जन आणि विकायला निघालेले गेम

गंगापूररोडकर

मावसभावाशी वाद लागलाय, जाणकारांनी निकाल द्यावा.

त्याचं म्हणणं असं: दुसऱ्याच्या गेममध्ये थोडं बदललं की मॉड, सगळं बदललं की टोटल कन्व्हर्जन, आणि ते पुरेसं मोठं झालं की झाला स्वतंत्र गेम, मग खुशाल विका. ऐकायला सरळ आहे, पण उदाहरणं घेतली की गाडी अडते. एन्डेरल घ्या. स्कायरिमवर बनवलेलं, पण जग वेगळं, कथा वेगळी, संवाद वेगळे. तरी ते खेळायला स्कायरिम विकत घेतलेलं असावंच लागतं आणि एन्डेरल स्वतः फुकट. उलट आपल्या कॉलेज रोडच्या सायबर कॅफेंमध्ये काउंटर-स्ट्राइक १.६ च्या आयकॉनवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या की हे दिसायचं:

```
hl.exe -game cstrike
```

म्हणजे चालू होतंय हाफ-लाइफच. तरी तेच २००० साली खोक्यात घालून दुकानात विकलं गेलं. मग मॉड ते स्वतंत्र गेम ही शिडी खरी आहे का?

---

सिडकोचा_स्नायपर

भाऊ बरोबर आहे तुझा. काउंटर-स्ट्राइक इतकं बदललं की हाफ-लाइफ उरलंच नाही, म्हणून विकलं. वॉरक्राफ्ट ३ वरचा डोटा तसंच, आर्मा २ वरचा डे-झी तसंच. पोर्टलपण आधी मॉडच होता, पोरं कॉलेजात होती, हाफ-लाइफवाल्या व्हॉल्व्हने उचलली. एन्डेरलवाल्यांनी स्वतःहून फुकट ठेवलंय. मनात आणलं तर उद्या विकतील.

---

बाळासाहेब_निफाड

हे मॉड म्हणजे तेच ना, कुठल्याही साइटवरून एपीके उतरवायचं आणि गेममध्ये पैसे अमर्याद? आमच्या चिरंजीवांनी तसलं टाकून मोबाइलचं वाटोळं केलं, दर दोन मिनिटांनी जाहिरात. विकायचं सोडा, फुकटपण घेऊ नका.

---

हेमाडपंती

बाळासाहेब, ते वेगळं प्रकरण. तुम्ही म्हणताय ते ॲप फोडून कुलूप काढलेलं असतं. इथे गेम बनवणाऱ्यानेच दार उघडं ठेवलेलं असतं.

स्नायपरराव, पोर्टल मॉड नव्हता. डिजिपेन कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी नार्बाक्युलर ड्रॉप नावाचा स्वतंत्र गेम केला होता. व्हॉल्व्हने त्या मंडळींना नोकरीवर घेतलं आणि पोर्टल सोर्स इंजिनवर नव्याने बांधला. पोरं कॉलेजातली होती हे मात्र खरं.

आता मूळ प्रश्न. शिडी नाहीच. दोन वेगळ्या मोजपट्ट्या एकमेकींत मिसळल्या आहेत. खेळणाऱ्याला किती बदललेलं दिसतं, ही एक. मूळ गेम काढून घेतला तर काय उरतं, ही दुसरी. मॉड आणि टोटल कन्व्हर्जन हा फरक पहिल्या पट्टीवरचा आहे. विकता येण्याचा संबंध दुसरीशी, आणि त्याहून जास्त मालकाच्या परवानगीशी.

तुमचंच उदाहरण घेऊ. `-game cstrike` दिल्यावर इंजिन प्रत्येक फाइल आधी `cstrike` फोल्डरमध्ये शोधतं. तिथे नसेल तर शेजारच्या `valve` फोल्डरमध्ये. बंदुका, नकाशे, नियमांचा कोड `cstrike` मध्ये; त्यात न सापडलेलं सगळं हाफ-लाइफकडून उसनं. जागा वाचवायला कुणी `valve` उडवलं की काउंटर-स्ट्राइक बसलंच. विकत मिळणाऱ्या आवृत्तीतही हीच रचना होती. फरक इतकाच की `valve` मधला लागणारा माल खोक्यातच आला, हाफ-लाइफ वेगळं घ्यायची गरज उरली नाही.

म्हणजे तंत्राच्या बाजूने काउंटर-स्ट्राइक मूळ गेमपासून फारसं तुटलेलंच नव्हतं. मिन्ह ली आणि जेस क्लिफ यांनी जून १९९९ मध्ये पहिली बीटा आणली, २००० मध्ये व्हॉल्व्हने हक्क घेतले आणि दोघांना कामावर घेतलं. इंजिन व्हॉल्व्हच्या ताब्यात, उसना माल व्हॉल्व्हचा, आता मॉडही व्हॉल्व्हचं. विकायला आडकाठी कुणाची असणार? 'इतकं बदललं म्हणून विकलं' हे इथे लागू होत नाही.

---

गंगापूररोडकर

मग एन्डेरलचं काय? त्यात तर सगळं नवीन आहे.

---

हेमाडपंती

दिसायला नवीन. एखाद्या गुहेत उभं राहून दगड, दारं, मशाली, तलवारी नीट बघ, कितीतरी वस्तू स्कायरिमच्याच आहेत, फक्त मांडणी वेगळी. शुअरएआयच्या लोकांनी जग, कथा, कौशल्यांची पद्धत, आवाज यांवर अनेक वर्षं घालवली, २०१६ मध्ये ते बाहेर आलं. पण खालचं इंजिन स्कायरिमवाल्या बेथेस्डाचं, आणि ज्या साधनाने बनवलं त्या क्रिएशन किटच्या अटींतच बनवलेलं विकायचं नाही असं आहे. स्नायपर म्हणतात तसं उद्या मनात आणून विकता येणार नाही.

हे आजचं नाही. डूम १९९३ चा. त्यात नकाशे, चित्रं, आवाज हे इंजिनपासून वेगळे, वॅड फाइलमध्ये ठेवले होते, म्हणून लोकांना बदलणं सोपं गेलं. १९९४ मध्ये जस्टिन फिशर याने एलियन्स टीसी केलं, आणि टोटल कन्व्हर्जन म्हणून ज्याचं नाव पहिलं घेतात ते हेच. राक्षस, नकाशे, आवाज सगळं त्या चित्रपटाच्या धर्तीवर. पण खेळायला विकतचं डूम हवंच. फुकटच्या शेअरवेअर डूमला बाहेरची वॅड जोडायला गेलं की तो सरळ हाकलायचा:

```
You cannot -file with the shareware version. Register!
```

परावलंबित्व मुद्दाम ठेवलेलं होतं. मॉड जितकं गाजेल तितका मूळ गेम खपेल, हा व्यवहार. २०१२ मध्ये डे-झीच्या वेळी तेच झालं. मॉड फुकट, पण त्यासाठी लोक तीन वर्षं जुना आर्मा २ घ्यायला धावले आणि तो स्टीमच्या विक्रीत वर जाऊन बसला. आर्मावाल्या बोहेमियाने मग मॉड करणाऱ्या डीन हॉलला हाताशी धरून डे-झी वेगळा गेम म्हणून काढला, यात नवल नाही.

---

बाळासाहेब_निफाड

आता डोक्यात शिरलं. आमच्याकडे डॉगरीज खुंटावर थॉमसनचं कलम करतात तसं. वर घड कुठलेही लागोत, मुळं दुसऱ्याची.

---

हेमाडपंती

बाळासाहेब, बरोबर पकडलंत. फक्त तुमचं कलम एका खुंटावरून काढून दुसऱ्यावर लावता येत नाही, इथे ते करता येतं. महाग पडतं एवढंच.

---

मेनरोड

मग माझाच प्रश्न विचारतो, कारण मी याच भानगडीत आहे.

सोर्स एसडीके २०१३ वर, म्हणजे व्हॉल्व्हच्या मॉड बनवायच्या संचावर, एक मॉड करतोय. जुन्या नाशकातला एक वाडा आणि मागची गल्ली, पुराच्या रात्री. गोदावरीचं पाणी चढत जातं आणि वाड्यातल्या माणसांना वर न्यायचं. मारामारी नाही. वाडा मी स्वतः हॅमर या नकाशा-एडिटरमध्ये बांधला, लाकडी खांब, कडीपाट, देवळ्या यांचे फोटो आमच्याच घरात काढून टेक्स्चर केले. माणसं हाफ-लाइफ २ मधल्या सिटिझनांची, पण कपडे बदललेत, सदरा-धोतर रंगवलंय. मित्र म्हणतात स्टीमवर दीडशे रुपयांना टाक. हे टोटल कन्व्हर्जन झालं ना? विकता येईल?

---

सिडकोचा_स्नायपर

एक नंबर कल्पना. हाफ-लाइफचा ह पण दिसत नाही. टाक बिनधास्त.

---

कलम_चौदा

बिनधास्त टाकू नका. मी वकिली करते, गेम फारसे खेळत नाही, पण हा प्रश्न कोर्टात येऊन गेलाय.

अमेरिकेत ड्यूक न्यूकम थ्रीडीचे चाहत्यांनी बनवलेले ३०० नकाशे मायक्रो स्टार नावाच्या कंपनीने एका सीडीवर घालून विकले. त्यांचा बचाव चलाख होता: नकाशाच्या फाइलमध्ये ड्यूकचं एकही चित्र नाही, कुठलं चित्र कुठे ठेवायचं एवढ्या सूचना आहेत. १९९८ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने तो मानला नाही. ड्यूकच्या करामतींची नवी गोष्ट सांगायचा हक्क मूळ मालकाचा, सूचना लिहून का होईना तुम्ही तेच केलंत, असा तो निकाल. शिवाय नकाशे बनवायच्या साधनाबरोबरच्या परवान्यात ते फुकटच वाटायचे अशी अट होतीच.

मेनरोड, तुमच्या वाड्यात ड्यूक नाही, गोष्टही तुमची आहे, त्यामुळे तो निकाल जसाच्या तसा लागणार नाही. पण सिटिझनांना धोतर नेसवल्याने ते तुमचे होत नाहीत. चेहरा, शरीर, हालचाली व्हॉल्व्हच्या, वरचा रंग तुमचा. भारतात संगणकीय प्रोग्रॅमला कॉपीराइट कायद्यात साहित्यकृतीचं संरक्षण आहे, आणि चित्रं-आवाज त्यांच्या त्यांच्या वर्गात येतात. आपल्या कोर्टासमोर मॉडचं असं प्रकरण आलं तर ड्यूकसारखाच निकाल लागेल असं छातीठोक सांगणार नाही. पण तुम्ही एसडीके घेताना मान्य केलेला परवाना हा करार आहे, त्याला नवव्या सर्किटची गरज नाही.

---

मेनरोड

ताई, परवाना कोण वाचतं हो. पण समजलं. मग माझं किती आणि उसनं किती हे कळायचं कसं? हजारो फाइली आहेत.

---

हेमाडपंती

हे करून बघ, प्रत वेगळी ठेवून. तुझ्या `gameinfo.txt` मध्ये सर्चपाथ असतील. साधारण असे:

```
SearchPaths
{
    game+mod    |gameinfo_path|.
    game        |all_source_engine_paths|hl2
}
```

वरची ओळ तुझं फोल्डर, खालची हाफ-लाइफ २ ची. काउंटर-स्ट्राइकमध्ये `cstrike` आणि `valve` चं जे नातं, तेच. खालच्या ओळी थेट काढल्यास तर गेम बहुधा मेनूपर्यंतही येणार नाही, कारण शेडर आणि मेनूच्या फाइलीही तिथूनच येतात. म्हणून `hl2` मधल्या तेवढ्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये काढ, ओळ त्या फोल्डरकडे वळव आणि मॉडेल, मटेरियल, आवाज बाहेर ठेव. मग नकाशा उघड. जिथे टेक्स्चर सापडलं नाही तिथे जांभळी-काळी चौकट दिसेल, जिथे मॉडेल नाही तिथे लाल अक्षरांत ERROR उभं राहील.

यात दोन फसगती आहेत. आवाज गायब झाला तर डोळ्याला काही दिसत नाही, नुसती शांतता. पावलं, दार, पाणी हे लोक बहुतेक कधीच स्वतःचं करत नाहीत आणि ते उसनं आहे हे विसरून जातात. कन्सोल उघडून तिथल्या तक्रारी वाच. दुसरी फसगत मोठी. व्हॉल्व्हच्या फाइली तू कधीतरी उचलून स्वतःच्या फोल्डरमध्ये टाकल्या असशील, तर त्या या चाचणीत तुझ्या म्हणून खपतात. धोतरवाले सिटिझन तसेच असणार. तिथे यंत्र मदत करत नाही, फाइलगणिक उगम लिहायची वही लागते.

---

मेनरोड

केलं. वाडा जवळजवळ शाबूत उभा राहिला, छान वाटलं. गल्लीत मात्र जिकडे तिकडे ERROR. बादल्या, खुर्च्या, पत्रे, विजेचे खांब. माणसं दिसताहेत, पण तुम्ही म्हणालात तसं ती माझ्या फोल्डरमध्येच कॉपी होऊन बसलीत. आणि चढणाऱ्या पाण्याचा आवाज गेला.

समजा हे सगळं बदललं. मग विकता येईल?

---

हेमाडपंती

मग तुझा माल तुझा होईल, पण इंजिन उरेल. एसडीके २०१३ चा परवाना बिनव्यापारी आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये व्हॉल्व्हने टीम फोर्ट्रेस २ चा कोड त्यात घातला, तेव्हाही अट तीच राहिली: बनवा, वाटा, पण फुकट. विकायचं तर व्हॉल्व्हची वेगळी परवानगी, आणि सोर्समध्ये हॅवॉकचं फिजिक्स असल्यामुळे त्या कंपनीशी वेगळा करार. हाफ-लाइफच सोर्सवर नव्याने बांधणाऱ्या ब्लॅक मेसावाल्यांना व्हॉल्व्हने विकायची परवानगी दिली, आणि तिथे तर हाफ-लाइफची गोष्टसुद्धा व्हॉल्व्हची होती. २०१२ मध्ये फुकट मॉड, २०१५ पासून विकत, पूर्ण झालं मार्च २०२० मध्ये. म्हणजे दार बंद नाही. पण ते आतून उघडतं.

दुसरा रस्ता द फरगॉटन सिटीचा. तुझ्याशी जुळणारी गोष्ट आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. निक पियर्स हा मेलबर्नचा, पेशाने वकील. २०१५ मध्ये त्याने स्कायरिमसाठी हे मॉड आणलं. जमिनीखालचं एक शहर, तिथे एकाने पाप केलं की सगळे मरतात, आणि तुम्ही काळात मागे जाऊन पुन्हा प्रयत्न करता. २०१६ मध्ये त्याला ऑस्ट्रेलियन लेखकांच्या संघटनेचा पुरस्कार मिळाला. मॉडला असा पुरस्कार म्हणजे चर्चा होणारच. त्याने नोकरी सोडली आणि छोट्या टीमबरोबर तोच खेळ अनरियल इंजिन ४ वर पहिल्यापासून बांधला. बाहेर आला जुलै २०२१ मध्ये.

काय ठेवलं आणि काय टाकलं ते बघ. भुयारी शहर, एकाच्या पापाची सगळ्यांना शिक्षा, काळाचं चक्र, हे त्याचं स्वतःचं होतं. ते ठेवलं. पण मॉडमधलं शहर स्कायरिमच्या ड्वार्फ लोकांचं होतं, नियमाचं नावही त्यांचंच. ते गेलं, त्या जागी प्राचीन रोमन शहर आलं. रोमन लोकांचा मालक कुणी नाही. इमारती, माणसं, संगीत नवीन, संवाद मोठ्या प्रमाणात पुन्हा लिहिलेले. मॉड मोठं होत होत वेगळं झालं असं नाही. स्कायरिमचं जे होतं ते उपटून काढल्यावरही गोष्ट उभी राहत होती, म्हणून तो निघू शकला.

---

सिडकोचा_स्नायपर

ओके, हे पटलं. पण डोटा? त्याला तर वॉरक्राफ्टचे सगळे हिरो जसेच्या तसे होते. तरी निघाला.

---

हेमाडपंती

जसेच्या तसे नाही निघाले. डोटा २ मध्ये विंडरनरची विंडरेंजर झाली, नेक्रोलाइटचा नेक्रोफॉस, आणि २०१३ च्या डिसेंबरात स्केलेटन किंगला मारून त्याच्या जागी रेथ किंग बसवला. चित्रं सगळी नवीन. राहिलं ते खेळाचं गणित: कुठला हिरो काय करतो, तीन रस्ते, बुरुज. ते डोटाकारांचं होतं.

आणि तिथे वेगळं होण्याची गरज खेळणाऱ्यांनाच जास्त होती. वॉरक्राफ्ट ३ मध्ये डोटा म्हणजे एक नकाशा. खेळ चालू असताना नेट गेलं की परत आत येता येत नाही, तुमची टीम चार जणांची. जोडीदार शोधून देणारी सोय नाही. पळपुट्यांची यादी लोक बाहेर वेगळ्या प्रोग्रॅमने ठेवायचे. हे नकाशाच्या आतून दुरुस्त होत नाही, सर्व्हर आणि इंजिन हातात लागतं. काउंटर-स्ट्राइकच्या मागे इंजिनचा मालक उभा होता, डोटाच्या मागे नव्हता. म्हणून डोटा सांभाळणारा आइसफ्रॉग २००९ मध्ये व्हॉल्व्हकडे गेला, आणि त्याच वर्षी जुन्या डोटाकारांपैकी गुइन्सू ज्यात होता त्या रायटने लीग ऑफ लेजंड्स काढला.

---

गंगापूररोडकर

पण मग डोटा नक्की कुणाचा होता? युलने सुरू केला, गुइन्सूने वाढवला, आइसफ्रॉगने सांभाळला. मध्ये कितीतरी लोकांनी हिरो सुचवले.

---

कलम_चौदा

हाच खरा गुंता. २००४ मध्ये युलने जाहीर लिहिलं होतं की आता डोटा सगळ्यांना खुला, ज्याला आवृत्ती काढायची त्याने काढावी, श्रेयात नाव घ्या म्हणजे झालं. पुढे मोबाइल गेमच्या एका खटल्यात त्या ओळींचा कीस पडला. नावावरून व्हॉल्व्ह आणि ब्लिझार्ड भांडले आणि २०१२ मध्ये तडजोड झाली: डोटा हे नाव व्यापारासाठी व्हॉल्व्हचं, ब्लिझार्डने आपल्या गेमचं नाव बदललं. २०२० मध्ये वॉरक्राफ्ट ३ रीफोर्ज्ड आला तेव्हा ब्लिझार्डने अटींत लिहूनच टाकलं की इथे बनवलेले कस्टम गेम आमच्या मालकीचे.

ज्यांनी हिरो सुचवले त्यांचं काय, याचं उत्तर मला कुठल्या कागदात सापडलेलं नाही. मेनरोड, तुमच्याबरोबर कोण काम करतंय? तोंडी आहे की लेखी?

---

मेनरोड

मी आणि आवाजासाठी एक मित्र. तोंडीच. तो तबलजी आहे, त्याला कागद दाखवला तर पळून जाईल.

---

कलम_चौदा

एक पान पुरे. कुणी काय बनवलं, ते फुकट वाटायला आणि विकायला दोन्हीला चालेल का, आणि तो मध्येच सोडून गेला तर आवाज वापरायचे की नाही. आत्ता पैसे नाहीत तेव्हाच लिहा. पैसे आल्यावर कुणाच्याच स्मरणशक्तीवर भरवसा ठेवू नये असं आमच्या धंद्यात म्हणतात.

---

गंगापूररोडकर

भावाला धागा पाठवला. तो अजूनही म्हणतोय काउंटर-स्ट्राइक टोटल कन्व्हर्जनच. मी म्हणतो साधं मॉड, कारण चालणं, उड्या मारणं, इंजिन सगळं हाफ-लाइफचं.

---

हेमाडपंती

यावर पंचवीस वर्षं भांडण चालू आहे, चालू द्या. एका फेरीत एकच जीव आणि पैशांनी बंदूक घेणं, एवढ्याने खेळ हाफ-लाइफपासून इतका लांब गेला की भावाची बाजूही अगदीच लंगडी नाही.

मेनरोड, तुझ्यासाठी शेवटचं. दुसऱ्या इंजिनवर जायचं ठरवलंस तर हॅमरमधला नकाशा सरळ उचलून नेता येणार नाही, वाडा पुन्हा बांधावा लागेल. फोटोंवरून केलेली टेक्स्चर आणि तू स्वतः घडवलेले खांब जातील, पण मूळ फाइली जपून ठेवल्या असतील तरच. खेळासाठी बनलेल्या फाइलींतून परत काढायला गेलास तर निम्मी प्रत उरते.

---

मेनरोड

खांबांच्या ब्लेंडर फाइली आहेत. टेक्स्चरच्या मूळ फाइली जुन्या हार्ड डिस्कवर, ती आता आवाज करते. आज रात्री आधी त्या उतरवतो. सोर्सवरची आवृत्ती फुकटच टाकेन म्हणतो, माणसं तेवढी बदलून. गल्लीसाठी जुन्या बादल्या, कंदील, लाकडी खुर्च्या कुणाकडे असतील तर सर्व बाजूंनी फोटो हवेत, सावलीत काढलेले, फ्लॅश न मारता.

---

बाळासाहेब_निफाड

आमच्या माळ्यावर दोन कंदील आणि तांब्याचा बंब आहे. रविवारी या, फोटो काढा. चिरंजीवांनाही बसवा शेजारी, गेम बनवायला किती कष्ट पडतात ते कळू दे.